धुतलेला वार

हे गेले तो दिवस सोमवार होता. सकाळी चहा झाला. वर्तमानपत्र आलं. अकरा वाजता हे गेले.

दुपारी पुतण्या पांढरं कापड आणायला बाजारात गेला आणि लगेच परत आला. दारातूनच त्यानं मला हळूच विचारलं, "काकू, दुकानदार विचारतोय, मीटरनं घ्यायचं की पीस घ्यायचा? पीस स्वस्त पडतो म्हणे, पण थोडं उरेल."

मला हसू आलं. पदर तोंडाला लावला तरी ते थांबेना. खांदे हलायला लागले तेव्हा जमलेल्या बायकांनी मला धरलं. एकजण म्हणाली, रडू द्या तिला, मोकळी होऊ द्या. मी रडत नव्हते. मला खलीफा शिंपी आणि ह्यांची कापडावरची ती ओढाताण आठवली होती, आणि ती गोष्ट सांगायची म्हटलं तर ज्यांना सांगायचं तेच समोर निजलेले होते.

तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. आता दिवस झाले, घर रिकामं झालं. रोज एक पान लिहायचं ठरवलं आहे.

माझं लग्न झालं तेव्हा निजामी होती आणि जगाची दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. माहेर नगरचं. वडील शिक्षक, म्हणून मी मराठी फायनलपर्यंत शिकलेली. औरंगाबादला आले तेव्हा रुपयासुद्धा वेगळा निघाला. आमच्याकडं इंग्रजांचा कलदार, इथं निजामाचा हाली. दुकानाच्या पाटीवर वर उर्दू, खाली मराठी. दुकान औरंगपुऱ्यात, ठोक कापडाचं. पुढं गादी, मागं कापडाच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मागच्या दारापलीकडं आमचं घर. त्या दाराला बारीक फट होती. सासूबाईंनी मला घर दाखवताना चूल, रांजण आणि ती फट, याच क्रमानं दाखवली. दुकान कसं चाललंय ते कळायला हवं ना, म्हणाल्या.

धंद्यात दोन भाव असत. एक थानाचा. थान म्हणजे गिरणीतून आलेलं अख्खं कापड, चाळीस वारांचं. वार छत्तीस इंचांचा, आताच्या मीटरपेक्षा चार बोटं लहान. मांजरपाटाचं, म्हणजे साध्या जाड सुती कापडाचं, थान दहा रुपयांना, म्हणजे वाराला चार आणे. दुसरा भाव वाराचा, तो साडेचार आणे. तेच कापड वारानं महाग का, हे मला मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका वाक्यात सांगितलं होतं.

"सूनबाई, थान घेणारा शेवटचा तुकडाबी घेऊन जातो. वारानं घेणारा तो माझ्या गळ्यात टाकून जातो."

वर आणखी एक चाल होती. वारानं मोजून देताना मामंजी दर वारामागं वारभर लांबीच्या गजाच्या टोकाशी आपला अंगठा टेकवत आणि अंगठ्याच्या पलीकडून पुढचा वार धरत. तेवढं कापड गिऱ्हाइकाला फुकट. मांजरपाट कोरा असतो, खळ भरलेला. पहिल्या पाण्यात खळ निघून जाते आणि कापड आटतं. त्या आटण्यासाठी हा अंगठा. मामंजींचा अंगठा चांगला जाड होता, पण तरी इंचभरच. थानावर अंगठा नाही. थान घेणाऱ्यानं आटणं आपलं आपण बघायचं.

ह्यांना हे सगळं जुनाट वाटे. हे उर्दू मॅट्रिक झालेले होते. म्हणायचे, थान घ्या नाही तर चालते व्हा, हा काय धंदा झाला? ज्याला जेवढं हवं तेवढं द्यावं, चोख मोजून. अंगठा वगैरे खानावळीतल्या वाढीसारखा प्रकार आहे.

मामंजी महिनाभर ऐकत राहिले. मग एका सकाळी पान लावता लावता म्हणाले, "बस गादीवर. पुढचा सौदा तुझा. थानाच्या भावानं जेवढं आलं असतं त्याहून एक पै जरी कमी आली, तर जालन्याला जायचं, आत्याकडं. तिच्या जिनिंगात सरकी मोज."

हे हसले. मी फटीमागं हसले नाही. जालन्याच्या आतेसासूबाई मी लग्नात पाहिल्या होत्या. माझ्या ट्रंकेतली पुस्तकं पाहून त्यांनी काळजीनं विचारलं होतं, सूनबाईला डोकेदुखी आहे का? त्यांच्या घरी दुपारी पुस्तक घेऊन बसलेल्या बाईच्या कपाळाला सुंठ उगाळून लावत. मी विचारलंही होतं, आणि न वाचणारीची डोकेदुखी? तिला त्या कामाला लावत.

दोन दिवसांनी खलीफा आले. शिंप्यांतल्या वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडं खलीफा म्हणत. उस्मानपुऱ्याकडं त्यांचं घर होतं. उंच, वाळके, कानाला सुई टोचलेली वाटावी अशी टोपीच्या कडेला सुई. फुलंब्रीकडच्या एका जमीनदाराकडं लग्न होतं. मशालवाले, पाणके, गडी अशा एकोणचाळीस माणसांना एकसारखे सदरे शिवायचं काम त्यांना मिळालं होतं.

गादीवर मामंजींऐवजी हे दिसले तेव्हा खलीफांनी आधी बसून घेतलं, पाणी प्यायले, मग म्हणाले, "छोटे सेठ, एका सदऱ्याला तीन वार. लेकिन धुतल्यावर तीन. कारभाऱ्यानं सांगितलंय, पहिल्या धुण्यात बाह्या कोपरावर चढल्या तर मजुरी नाय."

"मग चार थानं घ्या," हे म्हणाले. "बाकी उरेल ते तुमचं."

"चार कायकू? मेरेकू दुकान थोडीच टाकायचंय."

"बरं, वारानं घ्या. साडेचार आणे."

"कौनसा वार? हा वार तर पाण्यात गेला की बारीक होतो. तुमी खळीचे पैसे लावायलाय, सेठ. खळ मी कशाला घेऊ? मी काय तिला पिऊ? धुतलेला वार द्या. धुवायचे धोब्याला मी देतो. धुऊन वाळल्यावर जेवढा वार भरेल तेवढ्याचे साडेचार आणे. अंगठा नक्को, कुछ नक्को. एकदम चोख."

चोख हा शब्द ह्यांच्या वर्मी लागला. फटीतून मला ह्यांची मान दिसत होती. ती आधी थांबली, मग होकारार्थी हलली.

रात्री नाही, जेवणं झाल्यावर दुपारीच हे आत आले आणि मला पाटीवर हिशेब दाखवला. आटतं किती? एक अंगठा, म्हणजे एक इंच. नाही तर आजोबांपासून अंगठाच का सोडला असता? तीन थानं धुतली की एकशे सोळा वार आणि वर दोन तृतीयांश. हवेत एकशे सतरा. "बाराच इंच कमी पडतायत," हे म्हणाले. "मोजताना जरा ताणलं की झालं. तीन थानं गेली, तीस रुपयांचा माल बत्तीसच्या वर गेला."

"पण अंगठा हा हिशेब आहे की चाल आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

खलीफा गेल्याबरोबर मी एक गोष्ट करून ठेवली होती. सासूबाईंकडून मांजरपाटाची एक वारभर चिंधी मागून पातेल्यात भिजवली होती आणि सावलीत वाळत टाकली होती. ती आणून गजाशेजारी ठेवली. चौतीस इंच भरली. दोन इंच गेले होते. ह्यांनी चिंधी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "ही चिंधी जुनी असेल." मी म्हटलं, जुनी असती तर आटली नसती. त्यावर हे गादीवर गेले. शब्द दिला होता.

धोब्यानं तीन थानं नेली. परत आली तेव्हा ती मला ओळखू आली नाहीत. कडक, करकरीत, दोरीनं बांधलेली गेली होती, आणि आली ती मऊ, सुरकुतलेली, एखाद्या म्हाताऱ्याच्या उपरण्यासारखी. टोकावरचा गिरणीचा शिक्काही पुसट झाला होता. खलीफा गजासह हजर. मोजणी माळवदावर, म्हणजे घराच्या गच्चीवर.

हे एका टोकाला, खलीफा दुसऱ्या टोकाला. ह्यांनी कापड ताणलं. खलीफांनी ढील दिली. ह्यांनी पुन्हा ताणलं. खलीफा दोन पावलं पुढं आले.

"खलीफा, सोडता कशाला? नीट धरा."

"धरलंय ना सेठ. तुमीच वढायलाय. माझा सदरा काय असा वढून घालणारेत ते लोक? एक हात इकडं, एक हात तिकडं बांधून?"

"असं झोळीसारखं लोंबलेलं मोजतात का?"

"लोंबलेलं नाय, आराम करायलंय. धुऊन आलंय बिचारं. सोने दो उसकू."

हे मागं सरकत सरकत माळवदाच्या कठड्यापर्यंत गेले. खलीफा कापडाबरोबर पुढं पुढं येत राहिले. दोघांमधलं अंतर तेवढंच, फक्त दोघं मिळून माळवद ओलांडत होते. शेजारच्या माळवदावर पापड वाळत घालणाऱ्या बायका पापड सोडून बघू लागल्या. एकीनं विचारलं, कोण जिंकतंय? जिन्याच्या तोंडाशी मामंजी पान चावत उभे होते. शेवटी सासूबाईंनी वर येऊन जाजम अंथरलं आणि म्हणाल्या, "ठेवा त्याला खाली. कुणी हात लावू नका. गजच फिरवा."

जाजमावर निजवून, हातानं फक्त सुरकुत्या सारून मोजलं. दर थान सदतीस वार अठ्ठावीस इंच. माझ्या चिंधीनं सांगितलं होतं तेवढंच. एका थानात तीन वारांचे बारा सदरे आणि वर एक वार अठ्ठावीस इंचांचा तुकडा. छत्तीस सदरे झाले. तीन अजून हवेच होते. आणि त्या तीन तुकड्यांतला एकही सदऱ्याला पुरेना.

चौथं थान काढावं लागलं. त्यातून हवे होते धुतलेले नऊ वार. कोरं साडेनऊ-दहा वार कापून धुतलं असतं तर तीस वार कोरं, करकरीत राहिलं असतं, आणि ते कुणीही घेतलं असतं. मी फटीतून खोकले. पण खलीफा म्हणाले, "धोबी थानावर पैसे घेतो. दहा वार दिले तरी थानाचेच पैसे. पैसे माझे चाललेत, तर सगळंच धुऊन घ्या ना, सेठ. पैसे वाया कायकू?"

ह्यांना ते न्यायाचं वाटलं. दुसऱ्याचा पैसा वाया जाऊ नये म्हणून ह्यांनी आपलं अख्खं थान धोब्याला दिलं. मी पुन्हा खोकले. हे आत येऊन मला म्हणाले, "काढा कर गं, आल्याचा."

खलीफा छत्तीस-छत्तीस वारांचे तीन आणि नऊ वारांचा एक असा माल घेऊन गेले. एकशे सतरा वारांचे बत्तीस रुपये साडेचौदा आणे झाले. चार थानांचे चाळीस व्हायला हवे होते. सात रुपये दीड आणा कमी. एका पैचं बोलणं होतं, इथं तर जालन्याचं भाडंही सुटलं असतं.

आणि चौथ्या थानाचे उरलेले अठ्ठावीस वार अठ्ठावीस इंच आमच्या गादीवर पडून होते. ठोकचं गिऱ्हाईक आलं की आधी दोन बोटांत कापड धरून चुरगाळायचं, खळीचा आवाज ऐकायचा. हे कापड काही बोलायचंच नाही. एकानं विचारलं, "हे कुणी वापरून परत केलं का?" दुसऱ्यानं भाव न विचारता उचललं आणि त्यानं हात पुसले. त्याचा दोष नव्हता. ते तसंच दिसत होतं.

मग ह्यांनी ठरवलं की त्याला परत खळ द्यायची. अख्ख्याला देण्याआधी एका तुकड्यावर करून बघू. भाताची पेज त्यांनी माझ्या मोठ्या पातेल्यात केली. किती घट्ट, हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तो एक वार अठ्ठावीस इंचांचा तुकडा वाळला तेव्हा भिंतीला टेकवून उभा राहिला. सासूबाई देवघरातून आल्या, त्याला पाहून थबकल्या आणि पदर सारखा केला. अंधूक उजेडात त्यांना कुणी पाहुणे वाटले. हे त्याला बाहेर उन्हात नेऊन पुन्हा न्याहाळू लागले आणि गिऱ्हाईक आल्याची हाक ऐकून आत वळले, तेवढ्यात गल्लीतल्या शेळीनं तो खाल्ला. निम्मा खाल्ला, उरलेल्या निम्म्यावर ती उभी राहिली. मामंजी म्हणाले, "चला, एका गिऱ्हाइकाला तर पसंत पडला."

जालन्याला पत्र गेलं. आतेसासूबाईंचं उत्तर आलं, की अमावास्येनंतर या, सुंठ घरात आहे. मी ट्रंक काढली. पुस्तकं तळाशी, वर लुगडी, असं भरलं. हे खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "तिथंही फटी असतील." मला वाटतं त्या दिवशी मला हे पहिल्यांदा आवडले. त्याआधी फक्त लग्न झालं होतं.

अमावास्येला तीन दिवस होते. सकाळी खलीफा आले. घाईत, टोपीची सुईसुद्धा नव्हती. बसले नाहीत.

"छोटे सेठ, ते धुतलेलं कापड हाय ना अजून?"

"आहे. का?"

खलीफांनी दुकानात आणखी कुणी आहे का बघितलं. मामंजी होते, पण डोळे मिटून. ते झोपलेत असं खलीफांनी मानलं.

"चाळीस साल झाले सेठ, हात एकच काम करतोय. मांजरपाट आला की एका सदऱ्याला सहा इंच जास्त कापायचं, आटणार म्हणून. आपसे आप चालते कैची. मी धुतलेलं आणलं, मीच वार मोजून आणलं, मीच तुमच्याशी भांडलो. आणि घरी जाऊन कापलं तर सगळ्यात सहा इंच जास्त. पस्तीस सदरे झाले. चार कम. लग्न परवा."

ह्यांच्या खांद्यांना हसू आल्याचं मला मागून कळलं. पण आवाज सरळ होता. "आणि ते पस्तीस?"

"लांब हायत. गुडघ्याच्या खाली. कारभाऱ्याला म्हटलं, धुतल्यावर बरोबर होतील. खूश झाला. म्हणे, बघा, हा शिंपी आटणं धरून चालतो." खलीफांनी तोंडावरून हात फिरवला. "आता ते कधीच आटणार नाय. पण ते मागाहून. मला बारा वार द्या. नाय, तेरा. हाताचा भरवसा नाय. तोच भाव, धुतलेला वार, साडेचार आणे."

कोरं कापड त्यांना चालणार नव्हतं. ते धुवायला, वाळायला वेळ नव्हता, आणि धुतलेल्या पस्तिसांत चार कोरे पिवळट दिसले असते. हे सगळं ह्यांना कळत होतं. मी फटीमागं बोटांवर हिशेब करत होते. तेरा वारांचे तीन रुपये साडेदहा आणे आले असते. उरलेले पंधरा-सोळा वार परत आमच्याच गळ्यात. जालना कुठं जात नव्हतं.

ह्यांनी गज उचलून गादीखाली सरकवला.

"खलीफा, वारानं नाही. हे दुकान ठोकचं आहे. जसा आहे तसा पीस. साडेसात रुपये. मोजायचं नाही, कापायचं नाही. शेवटचा तुकडा तुमचा."

"अरे! तुमीच म्हणत होते ना, ज्याला जेवढं हवं तेवढं?"

"तेव्हा कापड कोरं होतं."

"बाकीचं मी काय करू?"

"ते थान घेणाऱ्यानं आपलं आपण बघायचं."

डोळे मिटलेल्या मामंजींचं पान चावणं थांबलं.

खलीफा उठून दारापर्यंत गेले. तिथून परत आले. सात म्हणाले. हे साडेसात म्हणाले. खलीफा सव्वासात म्हणाले. कापडाची घडी ह्यांनी उगाच उलटी करून पुन्हा सुलटी ठेवली. खलीफांनी सुस्कारा सोडला आणि कमरेची थैली काढली. पैसे मोजताना म्हणाले, "बाप पे गया, सेठ, बाप पे गया." हे त्यांनी डोळे मिटलेल्या मामंजींना उद्देशून म्हटलं.

दोन्ही वेळचे मिळून चाळीस रुपये साडेसहा आणे झाले. पहिल्या दिवशी चार थानं उचलली असती तर खलीफांना चाळीसच पडले असते, शिवाय आधीच्या थानांचे तिन्ही तुकडेही त्यांचे झाले असते. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण जाताना त्यांनी विचारलं, "ते बाकीचे तुकडे?"

"एक शेळीनं नेला," हे म्हणाले.

खलीफांनी आमच्याकडं पुढं वीस वर्षं माल घेतला आणि पुन्हा कधी वारानं घेतला नाही. राहिलेल्या कापडातून त्यांनी त्या ईदला घरातल्या सगळ्यांना कपडे केले. नातवंडांपासून म्हाताऱ्या आईपर्यंत सगळे एकाच मांजरपाटात शिरखुर्मा द्यायला आमच्या दारी आले. नातवंडांचे सदरे पायघोळ होते. आटतील म्हणून.

संध्याकाळी मामंजींनी ह्यांना विचारलं, "मग? वार बरा की थान?"

हे म्हणाले, "घेणारा घाईत असेल तर थान."

मामंजी म्हणाले, "लई शिकलास." आणि जालन्याला दुसरं पत्र लिहायला मला बोलावलं, कारण त्यांचं मोडी अक्षर बहिणीला लागत नसे. मी लिहिलं की येणं रहित झालं आहे, सुंठ दुसऱ्या कामी लावावी. दुसरं वाक्य मामंजींनी सांगितलं नव्हतं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि टपालात टाकलं.

त्यानंतर हे त्या गादीवर चौतीस वर्षं बसले. मीटर आला तेव्हा त्यांना फार त्रास झाला. थानं गेली, गिरण्यांच्या कापडाबरोबर न आटणारं नवं कापड आलं, आणि अंगठा सोडायचं कारण उरलं नाही. तरीही हे सोडत. मुलगा म्हणे, बाबा, हे टेरिकॉट आहे, आटत नाही. हे म्हणत, माझा हात आटतो.

मुलानं धंदा केला नाही. तो पुण्याला नोकरीला गेला, आणि बरं केलं.

दुकानाच्या जागेत आता औषधांचं दुकान आहे. मागच्या घरात मी राहते. कपाटात ह्यांचे सात सदरे आहेत. पुतण्या परवा विचारत होता, कुणाला द्यायचे का. मी अजून काही सांगितलेलं नाही.